फोन बदलला तरी चॅट टिकावे: व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्टेड बॅकअपचा पासवर्ड आणि किल्ली

व्हॉट्सॲपवरचे आपले जुने संदेश आपल्या फोनमध्येच साठवलेले असतात. कंपनीच्या सर्व्हरवर त्यांचा संग्रह नसतो, त्यामुळे फोन हरवला, पाण्यात पडला किंवा नवा घेतला, की मागचे संभाषण परत मिळण्याचा मुख्य मार्ग बॅकअप हाच राहतो. अँड्रॉइड फोनवर हा बॅकअप आपल्या गूगल खात्यात जमा होतो, आयफोनवर आयक्लाउडमध्ये. संदेश एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना ते एंड-टू-एंड एन्क्रिप्शनने बंदिस्त असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणालाही वाचता येत नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र बॅकअपची प्रत गूगलच्या किंवा ॲपलच्या साठवणीत गेली, की हे संरक्षण आपोआप तिच्यासोबत जात नाही, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने बॅकअपलाही तसेच कुलूप लावण्याची सोय दिली. ती आपण स्वतः चालू करावी लागते आणि चालू केल्यावर त्या कुलपाची जबाबदारी पूर्णपणे आपली असते.

या लेखात मुख्यतः अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाण्याचा मार्ग सविस्तर मांडला आहे, कारण आपल्याकडे बहुसंख्य घरांत तोच लागतो. आयफोनसाठी जे वेगळे आहे, ते शेवटाकडे थोडक्यात दिले आहे.

नव्या फोनवर चॅट परत येण्यासाठी काय काय लागते

चार गोष्टी एकाच वेळी हाताशी असाव्या लागतात: ज्या मोबाइल नंबरावर बॅकअप घेतला तो नंबर, ज्या गूगल खात्यात तो ठेवला ते खाते, पूर्ण झालेला ताजा बॅकअप, आणि कुलूप लावले असेल तर त्याचा पासवर्ड किंवा किल्ली. सिम हरवले तर मोबाइल कंपनी ओळख पटवून त्याच नंबराचे दुसरे सिम देते. गूगल खात्याचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळवण्याचे काही मार्ग गूगलने ठेवलेले आहेत. बॅकअप जुना निघाला तर मधल्या काळातले संदेश जातात, पण आधीचे वाचतात. चौथी गोष्ट मात्र हरवली आणि जुना फोनही हाताशी नसला, तर ती व्हॉट्सॲप देऊ शकत नाही आणि गूगलही देऊ शकत नाही. म्हणून या संपूर्ण कामात सर्वाधिक काळजी त्या चौथ्या गोष्टीची घ्यायची आहे.

इथे एक गल्लत फार वेळा होते. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन नावाचा सहा अंकी पिन असतो. तो नंबराची नोंदणी दुसऱ्या कोणी करू नये म्हणून असतो आणि तो विसरला तर नव्याने ठरवता येतो. एसएमएसने येणारा सहा अंकी कोड ही तिसरीच गोष्ट आहे. फोन उघडण्याचा पॅटर्न किंवा पिन ही आणखी वेगळी. बॅकअपचा पासवर्ड या सगळ्यांहून निराळा असतो, आणि घरातली वडील मंडळी जेव्हा “पासवर्ड मला माहीत आहे” असे सांगतात, तेव्हा त्यांना यांपैकी नेमका कोणता अभिप्रेत आहे ते विचारून घ्यावे.

पासवर्ड निवडावा की ६४ अंकी किल्ली

दोन्ही मार्गांत बॅकअप प्रत्यक्षात एका लांबलचक किल्लीनेच बंद होतो. फरक ती किल्ली कोणाकडे राहते याचा आहे. आपण पासवर्ड निवडला तर ती किल्ली व्हॉट्सॲपच्या विशेष सुरक्षित यंत्रांमध्ये ठेवली जाते, आणि योग्य पासवर्ड मिळाल्याशिवाय ती यंत्रे ती सोडत नाहीत. आपला पासवर्ड व्हॉट्सॲपला कळत नाही. चुकीचे पासवर्ड ठरावीक मर्यादेपलीकडे टाकले गेले, तर ही यंत्रे ती किल्ली कायमची मिळेनाशी करतात. पासवर्ड तुलनेने साधा असला तरी चालून जातो तो या मर्यादेमुळेच: चोराला हजारो अंदाज करून पाहण्याची संधी मिळत नाही. पण तीच मर्यादा मालकालाही लागू असते, हे लक्षात ठेवून अंदाजाने पासवर्ड टाकत बसण्याचा मोह आवरावा लागतो.

६४ अंकी किल्ली निवडली तर ती फक्त आपल्याकडे राहते. ती पाठ करण्याची गोष्टच नाही. ती जपून लिहूनच ठेवावी लागते. तिला अंकी म्हणतात, पण तिच्यात 0 ते 9 हे अंक आणि a ते f ही सहा इंग्रजी अक्षरे येतात. ही माहिती उतरवून घेताना फार उपयोगी पडते, कारण त्यात o, l किंवा i ही अक्षरे असूच शकत नाहीत. गोल दिसेल ते शून्य, आणि उभी काडी दिसेल तो एक. खरा घोटाळा b आणि 6 यांच्यात होतो, म्हणून b लिहिताना त्याची दांडी चांगली उंच आणि सरळ काढावी.

माझे मत असे, की घरगुती वापरासाठी पासवर्ड बरा. किल्ली तिने निवडावी, जिला कंपनीच्या यंत्रणेवर अजिबात विसंबायचे नाही आणि जिला कागदपत्रे वर्षानुवर्षे नीट सांभाळण्याची सवय आहे. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२५ मध्ये पासकी हा तिसरा मार्गही जाहीर केला, ज्यात फोनला आपले बोट किंवा चेहरा दाखवून बॅकअप उघडतो. तो सोपा आहे, पण पासकी गूगल किंवा ॲपलच्या पासवर्ड व्यवस्थापकात साठवली जाते, त्यामुळे नव्या फोनवर त्या खात्यात शिरता आले नाही तर ती मिळत नाही. ज्यांच्या गूगल खात्याचीच खात्री नाही, त्यांच्यासाठी कागदावर लिहिलेला पासवर्ड अधिक भरवशाचा आहे.

मराठी माणसाचा पासवर्ड नेमका कुठे चुकतो

पासवर्डात किमान सहा चिन्हे आणि त्यांत किमान एक अक्षर लागते. सहा चिन्हे पुरेशी मानू नयेत. परस्परांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि एखादा आकडा घेतला, तर तो लक्षातही राहतो आणि ओळखायलाही अवघड जातो. जन्मतारीख, गाडीचा नंबर, नातवाचे नाव या गोष्टी टाळाव्यात, कारण जवळच्या कोणालाही त्या ठाऊक असतात.

आपण पासवर्ड बहुधा मराठी शब्दांचाच करतो आणि तो इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. समजा, शेवगा, कंदील आणि रताळे असे तीन शब्द घेतले. शेवगा हा shevga लिहावा की shewga? कंदील kandil, की kandeel? रताळे ratale, rataale, की ratalu लिहिण्याची सवय आहे? बोलताना एकच असलेला शब्द टाइप करताना अनेक रूपे घेतो, आणि दोन वर्षांनी आपण कोणते रूप वापरले होते ते आठवत नाही. शब्द आठवतो, स्पेलिंग आठवत नाही, आणि प्रयत्न तर मोजकेच मिळतात. म्हणून पासवर्ड कागदावर लिहिताना तो देवनागरीत कधीही लिहू नये. जसा टाइप केला तसाच, अक्षर अन् अक्षर, इंग्रजीत लिहावा. सगळी अक्षरे लहान लिपीत ठेवली तर मोठ्या-लहानाचा प्रश्न उरत नाही.

पासवर्डच देवनागरीत ठेवण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण ती टाळावी. नवा फोन हातात येतो तेव्हा त्यात मराठी कीबोर्ड बसवलेला असेलच असे नाही, आणि डोळ्याला सारखे दिसणारे जोडाक्षर दोन कीबोर्ड आतून वेगवेगळ्या प्रकारे लिहू शकतात.

आकड्यांचीही अशीच अडचण आहे. हाताने लिहिलेला मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, आणि मराठी ४ इंग्रजी 8 सारखा. ज्यांनी सारे आयुष्य मराठी आकड्यांत हिशेब लिहिला, त्यांच्या हातून 64 अंकी किल्ली उतरवताना मधेच एखादा मराठी आकडा सहज येऊन जातो, आणि पुढे तो वाचणारा मुलगा किंवा नात तो इंग्रजी समजून वाचते. कागदाच्या डोक्यावर “सर्व आकडे इंग्रजी” असे लिहून मगच उतरवायला सुरुवात करावी.

कुलूप लावण्याची कृती

फोन चार्जिंगला लावून आणि वायफायवर ठेवून हे काम करावे. कागद आणि पेन आधीच जवळ घ्यावे, कारण पासवर्ड ठरवून मग कागद शोधायला उठलेल्या माणसाचे बऱ्याचदा लिहायचे राहून जाते.

१. व्हॉट्सॲप उघडून `Settings`, मग `Chats`, मग `Chat backup` येथे जावे. ॲप मराठीत असेल तर नावे मराठीत दिसतील, क्रम तोच राहील.

२. येथे गूगल खात्याचा जो ईमेल पत्ता दिसतो तो आधी कागदावर लिहावा. पुष्कळांच्या फोनमध्ये दोन-तीन खाती असतात, आणि त्यांतले नेमके कोणते बॅकअपसाठी वापरले आहे ते या एकाच पडद्यावर स्पष्ट दिसते.

३. `End-to-end encrypted backup` निवडून `Turn on` दाबावे. ॲपच्या नव्या आवृत्तीत पासकीचा पर्याय आधी पुढे येऊ शकतो. आपल्याला पासवर्ड हवा असेल तर तो पर्याय निवडावा. किल्ली हवी असेल तर पासवर्डाच्या पडद्यावरून ६४ अंकी किल्लीकडे जाण्याची सोय असते.

४. पासवर्ड आधी कागदावर लिहावा आणि मग कागदाकडे पाहून टाइप करावा. डोक्यातून टाइप करून मग कागदावर उतरवला, तर कागदावरचा आणि फोनमधला यांत फरक पडण्याची शक्यता राहते. तो दुसऱ्यांदा टाकायला सांगितले जाईल, तेव्हाही कागदावरूनच टाकावा.

५. `Create` दाबल्यावर नवा, कुलूपबंद बॅकअप तयार होऊ लागतो. तो पूर्ण होईपर्यंत वायफाय बंद करू नये. चॅट, फोटो आणि व्हिडिओ बरेच असतील तर याला खूप वेळ लागतो, म्हणून रात्री लावून ठेवणे सोयीचे.

६. काम पूर्ण झाल्यावर पुन्हा `Chat backup` मध्ये येऊन शेवटच्या बॅकअपची तारीख, वेळ आणि आकार पाहावा. तारीख आजची असेल तरच काम झाले असे समजावे.

तारीख पुढे सरकत नसेल, तर बहुधा जागा संपलेली असते. पूर्वी अँड्रॉइडचा व्हॉट्सॲप बॅकअप गूगलच्या जागेत मोजला जात नसे. २०२४ पासून तो मोजला जातो, आणि मोफत खात्यात जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबीच जागा असते. अशा वेळी व्हिडिओ बॅकअपमधून वगळण्याची सोय त्याच पडद्यावर आहे. त्याआधी ग्रुपमध्ये साचलेले शुभ सकाळचे व्हिडिओ `Settings` मधल्या `Storage and data` मधून काढून टाकले, तर बऱ्याचदा तेवढ्यानेच भागते आणि घरचे व्हिडिओ वगळावे लागत नाहीत.

कागद कुठे ठेवावा

कागदावर एवढे असावे: मोबाइल नंबर, बॅकअपचे गूगल खाते, पासवर्ड आहे की किल्ली याची नोंद, प्रत्यक्ष पासवर्ड, आणि लिहिल्याची तारीख. गूगल खात्याचा पासवर्ड याच कागदावर लिहू नये; दोन्ही एकत्र सापडले तर दुसऱ्याला बॅकअप उघडायचा मार्ग बराच मोकळा होतो.

पासवर्डाचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवणे निरुपयोगी आहे, कारण फोन गेला की तोही गेला. त्याहून वाईट म्हणजे व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवून त्यात पासवर्ड ठेवणे. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून दार ओढून घेण्यासारखे ते आहे. मुलाला किंवा मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवला तर निदान दुसऱ्या फोनवर तो राहतो, पण तिथेही तो शेकडो संदेशांखाली पुरला जातो. कागदाच्या दोन प्रती कराव्यात: एक आपल्या घरी पासबुक आणि विम्याच्या कागदांसोबत, दुसरी दुसऱ्या घरात, विश्वासातल्या माणसाकडे. पासवर्ड व्यवस्थापक वापरणाऱ्यांनी तो जुन्या फोनशिवाय, एखाद्या लॅपटॉपवरही उघडतो याची खात्री आधी करून घ्यावी.

जुना फोन देण्यापूर्वी

जुना फोन चालू आहे, व्हॉट्सॲप त्यात उघडते आहे, तोवर पासवर्ड विसरला तरी काही बिघडत नाही. `End-to-end encrypted backup` मध्ये जाऊन पासवर्ड बदलण्याचा पर्याय निवडावा; जुना आठवत नसल्याचे सांगितल्यावर फोनला बोट दाखवून किंवा त्याचा पिन टाकून नवा ठरवता येतो. म्हणून फोन बदलण्याच्या आदल्या दिवशी, पासवर्ड आठवतो असे वाटत असले तरी, तो नव्याने ठरवून कागदावर लिहिणे आणि मग `Back up` दाबून ताजा बॅकअप घेणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. स्मरणशक्तीची परीक्षा घेण्यापेक्षा हे पाच मिनिटांचे काम बरे.

एक्स्चेंजमध्ये फोन देणाऱ्यांची अडचण वेगळी असते. नवा फोन घेऊन आलेला माणूस दारातच जुना फोन रिसेट करून मागतो, आणि नव्या फोनवर चॅट उतरले की नाही हे पाहायला वेळ मिळत नाही. शक्य असेल तर एक्स्चेंजच्या सवलतीचा मोह सोडून जुना फोन काही दिवस ठेवावा आणि नंतर वेगळा विकावा. ते शक्य नसेल, तर बॅकअप आदल्या रात्री पूर्ण झालेला असावा, तारीख तपासलेली असावी, गूगल खात्यात दुसऱ्या यंत्रावरून शिरता येते हे पाहिलेले असावे, आणि कागद हातात असावा. यांतली एखादी गोष्ट जरी नसेल तर माणसाला परत पाठवलेले चांगले.

दोन्ही फोन हाताशी आणि चालू असतील, तर `Settings`, `Chats`, `Transfer chats` या मार्गाने क्यूआर कोड वाचून चॅट थेट एका फोनवरून दुसऱ्यावर नेता येतात आणि त्यासाठी बॅकअप लागत नाही. तरीही आधी बॅकअप घ्यावा, कारण थेट हस्तांतर मधेच तुटले तर तो आधार असतो.

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी नंबराकडे विशेष लक्ष द्यावे. जर्मनीत पोहोचून नवे सिम घेतले आणि नव्या नंबराने नव्या फोनवर नोंदणी केली, तर भारतातल्या नंबरावर घेतलेला बॅकअप समोर येत नाही. नंबर बदलायचाच असेल तर आधी जुन्या फोनवरच `Settings`, `Account`, `Change number` मधून तो बदलावा, त्यानंतर बॅकअप घ्यावा, आणि मग फोन बदलावा. भारतातला नंबरच ठेवायचा असेल तर त्याचे रिचार्ज आणि रोमिंगवर एसएमएस मिळण्याची सोय निघण्यापूर्वी पाहून घ्यावी.

नव्या फोनवर

नव्या फोनमध्ये आधी सिम घालावे, मग `Settings` मध्ये जाऊन कागदावर लिहिलेले तेच गूगल खाते जोडावे, आणि त्यानंतरच व्हॉट्सॲप उतरवावे. क्रम महत्त्वाचा आहे. नंबर टाकून एसएमएसचा कोड दिला, की ॲप त्या खात्यात बॅकअप शोधते. सापडला तर `Restore` चा पडदा येतो आणि मग पासवर्ड किंवा किल्ली विचारली जाते. आधी संदेश येतात. फोटो आणि व्हिडिओ मागाहून, ॲप वापरात असतानाही उतरत राहतात, त्यामुळे पहिल्या काही तासांत फोटो धूसर दिसले म्हणून घाबरू नये.

नव्या फोनवर नोंदणी होताच जुन्या फोनवरचे व्हॉट्सॲप बंद पडते, पण त्यातला संग्रह लगेच पुसला जात नाही. म्हणून जुन्या फोनमधून ॲप काढून टाकू नये. नव्या फोनवर पासवर्ड जुळला नाही, तर त्याच नंबराने जुन्या फोनवर पुन्हा नोंदणी करून, तेथे पासवर्ड नव्याने ठरवून, ताजा बॅकअप घेऊन परत येता येते.

सर्वांत घातक बटण म्हणजे `Skip`. बॅकअप दिसत नाही म्हणून ते दाबले, रिकामे व्हॉट्सॲप सुरू झाले आणि त्याने त्याच गूगल खात्यात नवा बॅकअप घेतला, तर जुना बॅकअप पुसला जातो. गूगल खात्यात त्या नंबराचा एकच, शेवटचा बॅकअप राहतो. अडचण आली तर पुढे न जाता तेथेच थांबावे आणि अडचण कुठली आहे ते ओळखावे. `Restore` चा पडदाच आला नाही, तर बहुधा नंबर किंवा गूगल खाते चुकले आहे. पासवर्ड विचारला जात असेल, तर बॅकअप सापडला आहे आणि निम्मे काम झाले आहे. पासवर्ड स्वीकारला आणि मग उतरवणे मधेच अडले, तर वायफाय किंवा फोनमधली जागा पाहावी.

एक प्रत्यक्ष उदाहरण

माझी आत्या सांगलीला राहते. तिचा फोन पडून त्याचा डिस्प्ले गेला, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या फोनाच्या जवळ जात असल्याने तिने नवा घेतला. दुकानातल्या मुलाने नव्या फोनात तिच्यासाठी नवे जीमेल खाते काढून दिले, व्हॉट्सॲप उतरवले, आणि बॅकअप नसल्याचे सांगितले. सुदैवाने तिने त्याला पुढचे बटण दाबू दिले नाही.

“आत्या, तुझं जुनं जीमेल कोणतं गं?” असे मी विचारले, तर ती म्हणाली, “ते तुझ्या दादानं काढून दिलं होतं, मला काय ठाऊक?” दादाने कुलूप लावताना तिच्याकडून लिहून घेतलेला कागद मात्र तिच्या विम्याच्या पिशवीत होता आणि त्यावर ते खाते लिहिलेले होते. ते खाते नव्या फोनात जोडले, व्हॉट्सॲप काढून पुन्हा उतरवले, आणि नोंदणी केल्यावर `Restore` चा पडदा आला. मग पासवर्ड विचारला गेला. कागदावर तो आत्याच्या सुबक अक्षरांत, पण देवनागरीत होता: तीन शब्द आणि शेवटी मराठी आकडे.

प्रत्येक शब्दाची दोन-तीन स्पेलिंगे धरली तरी एकूण दहा-बारा शक्यता होत होत्या, आणि एकामागून एक टाकून पाहण्यात प्रयत्नांची मर्यादा संपण्याचा धोका होता. जुना फोन मेलेला असल्याने बोट दाखवून पासवर्ड बदलण्याचा मार्गही नव्हता. म्हणून पासवर्डाचा पडदा तसाच ठेवून मी माझ्या फोनवर आत्याचे जुने संदेश उघडले. ती मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिते, आणि तिची स्पेलिंगे ठरलेली आहेत: दीर्घ ई आली की ती नेहमी ee लिहिते, व साठी नेहमी v, आणि आकारान्त शब्दांना एकच a. पासवर्ड तिने स्वतः टाइप केला होता, दादाने नव्हे, हेही विचारून घेतले. या तीन सवयी लावून शब्द कागदावर इंग्रजीत मांडले, मगच टाइप केले, आणि बॅकअप उघडला. त्यानंतर लगेच पासवर्ड बदलला आणि या वेळी कागदावर इंग्रजीतच लिहिला.

असे जुळले नसते, तर उरलेले मार्ग अपुरे होते. जुन्या फोनशी जोडलेल्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप चालू असेल तर त्यातले अलीकडचे संदेश वाचता येतात, पण नव्या फोनवर नोंदणी होताच ते जोडणेही तुटते, म्हणून हवे ते आधीच उतरवून घ्यावे लागते. समोरच्या व्यक्तीच्या फोनवरून `Export chat` करून तेच संभाषण मजकुराच्या फाइलमध्ये मिळू शकते. ती फाइल वाचायला उपयोगी पडते, मात्र ती आपल्या व्हॉट्सॲपमध्ये परत घालता येत नाही.

आयफोन असेल तर

कुलूप लावण्याची कृती तीच आहे, बॅकअप मात्र आयक्लाउडमध्ये जातो. येथे एक फट आहे: संपूर्ण आयफोनचा आयक्लाउड बॅकअप चालू असेल, तर त्यात चॅटची बिनकुलुपाची प्रतही जाते. चॅट केवळ कुलूपबंद रूपातच बाहेर जावेत असे वाटत असेल, तर फोनच्या `Settings` मध्ये आपल्या नावावर जाऊन संपूर्ण फोनचा `iCloud Backup` बंद करावा लागतो, आणि मग फोनमधल्या इतर गोष्टींच्या बॅकअपची वेगळी सोय पाहावी लागते. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना गूगलमधला बॅकअप चालत नाही, पासवर्ड बरोबर असला तरी. त्यासाठी ॲपलचे `Move to iOS` हे ॲप वापरावे लागते, जुना फोन चालू असावा लागतो, आणि आयफोन अगदी नवा किंवा रिसेट केलेला असावा लागतो. म्हणून असा बदल करायचा असेल तर आयफोन सुरू करून त्यात काही भरण्याआधीच हे काम उरकावे.

जुना फोन केव्हा पुसावा

नव्या फोनवर एखादे जुने, काही वर्षांपूर्वीचे संभाषण उघडून पाहावे; त्यातला एखादा फोटो आणि एखादा आवाजी संदेश चालतो का ते तपासावे. मग `Chat backup` मध्ये जाऊन एन्क्रिप्टेड बॅकअप चालू दिसतो आहे ना, हे पाहावे आणि नव्या फोनवरून एक बॅकअप पूर्ण होऊ द्यावा. दुकानात कोणाच्या समोर पासवर्ड टाकला असेल किंवा कोणाला सांगून टाकून घेतला असेल, तर तो बदलून दोन्ही कागदांवर नवा लिहावा आणि जुना खोडावा, नाहीतर पुढच्या वेळी दोन पासवर्डांपैकी खरा कोणता हे कळत नाही. एवढे झाल्यावर जुन्या फोनमधून गूगल खाते काढावे आणि मग तो फॅक्टरी रिसेट करावा.